डांबऱ्याची जागा

ऑफिसात तिला सगळे खोडरबर म्हणत. नाव फोटोवाल्याने पाडलं होतं आणि तिला ते आवडतही होतं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. विकायला किंवा भाड्याने द्यायला काढलेल्या घरांचे फोटो तो काढून आणायचा आणि ती पुसायची. भिंतीवरची ओल, टीव्हीमागच्या लोंबत्या वायरी, फरशीचा तडा, आरशात चुकून आलेला फोटोवाल्याचा कोपर, सगळं. दिवसाला आठ-दहा घरं तिच्या हाताखालून जात. अकरा वर्षं तिने हेच केलं होतं आणि तिच्या हाताला आता विचारावं लागत नसे. डोळा डाग पाहायचा, हात पुसून मोकळा व्हायचा.

म्हणून त्या सोमवारी एका घरमालकीण काकूंचा फोन आला तेव्हा त्या कशाबद्दल बोलताहेत हे तिला आधी कळलंच नाही.

"तुम्हीच का त्या, आमच्या घराचे फोटो नीट करणाऱ्या?"

"हो. काही राहिलंय का?"

"राहिलंय कसलं! सोफ्याचं काय केलंत तुम्ही?"

खोडरबरने फोटो उघडला. दिवाणखाना, डावीकडे मोठी खिडकी, उजवीकडे गॅलरीचं काचेचं दार, मध्ये भिंतीला लागून तीन माणसांचा सोफा, मोहरीच्या रंगाचा. छान दिसत होता. तीन गाद्या कशा एका पातळीत, इस्त्री केल्यासारख्या.

"सोफा थोडा बसला होता एका बाजूला, काकू. तो सरळ केलाय. सगळ्यांचाच करतो आम्ही."

मग काकू म्हणाल्या, "बसला नव्हता तो. आमचा बोका झोपायचा तिथे. अकरा वर्षं. तेवढीच जागा उरली होती त्याची, ती तुम्ही पुसलीत."

आवाजात राग असता तर तिला सोपं गेलं असतं. राग नव्हता. कुणीतरी हरवलेली वस्तू शोधायला आलंय आणि आपण ती केरात टाकली आहे, असं काहीतरी तिला वाटलं. ती सरळ म्हणाली, "मूळ फोटो आहे माझ्याकडे. तो पुसलेला नाही. देते पाठवून."

"पाठवा. आणि ऐका, एक विचारायचं होतं. त्या जागेवर त्याला बसवता येईल का? फोटोत? जाहिरातीसाठी नाही हो, आमच्यासाठी. आम्ही मुलीजवळ राहायला चाललोय, लहान जागा आहे, हा सोफा तिथल्या जिन्यातून वरच चढत नाही. शनिवारी गादीवाला येऊन घेऊन जाणार. तो म्हणाला, सांगाडा चांगला आहे, आतलं सगळं फाडून नवं भरतो."

अशी कामं खोडरबर घेत नसे. तिचा हात काढून टाकण्यात तयार झालेला, घालण्यात नाही. पण नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते, "बोक्याचे फोटो आहेत का?"

त्या संध्याकाळी सव्वीस फोटो येऊन पडले. बोक्याचं नाव डांबऱ्या, आणि नाव कसं पडलं ते विचारायची गरज नव्हती. पंचवीस फोटोंत फ्लॅश मारलेला, त्यामुळे एक काळा गोळा आणि त्यात दोन हिरवे दिवे एवढंच दिसत होतं. एकच फोटो कामाचा होता. तो मुलीने काढला होता, दुपारी चारच्या सुमाराला, समोरच्या खुर्चीत बसून. डांबऱ्या त्याच गादीवर लांबट पडलेला, हनुवटी पुढच्या पंजांवर, डोळे मिटलेले, तोंड डावीकडे खिडकीच्या दिशेला. ऊन उजवीकडून, गॅलरीच्या दारातून, त्याच्या ढुंगणावर आणि पाठीवर आलेलं.

इथे पहिली अडचण आली. खोलीचा फोटो सकाळी नऊचा होता. त्यात ऊन डाव्या खिडकीतून येत होतं. खुर्चीची, टेबलाची, फुलदाणीची, सगळ्यांच्या सावल्या उजवीकडे. त्यात एकटा बोका उजवीकडून उजळलेला ठेवला तर लहान मूलसुद्धा म्हणेल की काहीतरी बिनसलंय. तिने मांजराचा फोटो आरशात बघितल्यासारखा उलटा केला. आता ऊन डावीकडून आलं आणि तोंड उजवीकडे, दाराकडे गेलं. सूर्य दोन्ही वेळा साधारण सारख्याच उंचीवर, त्यामुळे प्रकाशाचा कोन जुळला. दुपारचा पिवळेपणा तिने थोडा कमी केला. बोका कापून घेतला, मूळ फोटोतल्या खळग्यावर ठेवला आणि खुर्ची मागे ढकलून पाहिलं.

फोटोवाला चहाचा कप घेऊन मागून जात होता. तो थांबला. "हे काय, स्टिकर चिकटवलास का?"

"गप्प बस."

"नाही, छान आहे. फक्त तो सोफ्यावर नाहीये. सोफ्याच्या समोर हवेत आहे."

त्याचं खरं होतं. खळगा होता, बोका होता, पण दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं. रिकामी दबलेली गादी वेगळी आणि भरलेली वेगळी. अंगाखाली कापड ताणलं जातं, त्याच्या चुण्या वजनाकडे धावतात, गादीची पुढची गोट, म्हणजे कडेची शिवलेली पट्टी, किंचित खाली वाकते, आणि अंग नि कापड जिथे टेकतं तिथे अशी एक बारीक गडद सावली असते की तिथे प्रकाशाला शिरायलाच जागा नसते. ही सावली नसेल तर डोळा फसत नाही. शिवाय तिने बोक्याची कड कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ कापली होती. मांजराला कड नसते. मांजर केसाकेसाने संपतं.

चुण्या मनाने काढता आल्या असत्या. तिने दोनदा काढूनही पाहिल्या आणि दोनदा पुसल्या. शेवटी तिने काकूंना फोन लावला. "मला तुमच्या घरी यावं लागेल. सकाळी नऊला. आणि त्याच्या वजनाचं काहीतरी लागेल, त्या जागेवर ठेवायला. किती होतं साधारण वजन?"

"थांबा हं," काकू म्हणाल्या आणि फोन बाजूला धरून ओरडल्या, "अहो, डांबऱ्याचं वजन किती?"

मागून पुरुषाचा आवाज आला. "कुठल्या महिन्यातलं?"

काका जन्मभर वजनकाटे दुरुस्त करत आले होते, हे तिला दुसऱ्या दिवशी दारातच कळलं. सकाळी घरीच काटेदुरुस्ती, मग कारखान्याच्या वजनकाट्यावर दुसऱ्या पाळीला नोकरी, दुपारी एक ते रात्री नऊ. काकू सकाळच्या शाळेत शिक्षिका. सात ते बारा. "आमचा संसार उंबऱ्यावर झाला," काका म्हणाले. "ही आत यायची, मी बाहेर पडायचो. किल्ली हातात द्यायची, आमटीत मीठ कमी आहे एवढं सांगायचं, चाललो." दोघंही याच वर्षी निवृत्त झाले होते. डांबऱ्या मागच्या वर्षी गेला. रविवारी घर माणसांनी भरायचं तेव्हा तो कपाटावर चढून बसायचा आणि शेवटचा पाहुणा गेल्याशिवाय उतरायचा नाही.

दर महिन्याच्या एक तारखेला काका त्याला काट्यावर उभा करत. एका वहीत सगळे आकडे लिहिलेले. काकांनी लोखंडी वजनं जमिनीवर मांडली होती आणि वही उघडी धरून ते उभे होते.

"शेवटचं तीन किलो आठशे आहे," ते म्हणाले.

"ते नको," काकू म्हणाल्या.

"मलाही तेच वाटलं. चार सहाशे. पाच वर्षं तिथेच होता, जरा इकडे नाही, तिकडे नाही."

वजनं एका उशीच्या अभ्र्यात भरायची ठरलं, पण खोडरबर म्हणाली की लोखंड एका जागी रुतेल, मांजर तसं रुतत नाही. मग काकांनी दोन किलोचं एक वजन आणि बाकी वाळू असं केलं. वजन मागच्या बाजूला, जिथे बोक्याचा मागचा भार यायचा, आणि वाळू पुढे पसरलेली. अभ्र्याचं तोंड सुतळीने बांधलं, पुन्हा काट्यावर ठेवून पाहिलं. चार किलो पाचशे नव्वद. त्यांनी अभ्रा सोडला आणि चिमटीने वाळू घातली. चार सहाशे.

"दहा ग्रॅमनी काय फरक पडतो?" काकू म्हणाल्या.

"माझ्या काट्यावर पडतो," काका म्हणाले.

नऊ वाजत आले. खोडरबरने कॅमेऱ्याची तिवई फोटोवाल्याने सांगितलेल्या जागी लावली, तीच उंची, तेच भिंग. ऊन खिडकीच्या चौकटीतून सरकत सोफ्यापर्यंत आलं. काकांनी ती वाळूची थैली दोन्ही हातांवर घेतली, झोपलेलं मूल उचलतात तशी, आणि गादीवर ठेवली.

आणि गादीने तिला घेतलं. दुसरा शब्द खोडरबरला सापडला नाही. थैली टेकली, कापड हलकेच सरकलं, आणि जुन्या चुण्या, ज्या रिकाम्या असताना नुसत्या मळक्या रेघा वाटत होत्या, एकेक करून उभ्या राहिल्या. सहा-सात. सगळ्या त्या थैलीकडे निघालेल्या. कुठे दुमडायचं हे कापडाला पाठ होतं. पुढची गोट बोटभर खाली वाकली. थैलीच्या कडेला गडद सावली भरून आली.

तिने फोटो काढले, थोडे जास्तच काढले.

मग तिने लॅपटॉपवर बोका नुसता चिकटवलेला तो आधीचा कच्चा फोटो दाखवला, नुसता अंदाज यावा म्हणून. काकूंनी चष्मा लावून पाहिलं आणि लगेच म्हणाल्या, "तोंड उलटं केलंत त्याचं. आणि कानही."

कानाचं तिला माहीत नव्हतं. डांबऱ्याच्या डाव्या कानाला लहानपणीच्या मारामारीतली एक खाच होती. फोटो उलटा केल्यावर ती उजव्या कानाला गेली होती. "कान मी परत इकडचा तिकडे करते," ती म्हणाली. "पण तोंड असंच ठेवावं लागेल, उन्हासाठी."

"पण तो खिडकीकडे तोंड करून झोपायचा हो. मी शाळेतून आले की सोफ्यावर याचं तोंड खिडकीकडे. रोज."

"काहीतरीच," काका म्हणाले. "दाराकडे. गॅलरीच्या दाराकडे तोंड. मी सकाळभर समोर बसून काटे खोलायचो. माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"तुमच्या डोळ्यांसमोर काय काय असतं."

"अकरा वर्षं पाहिलंय मी."

"मग मी काय पाहिलं अकरा वर्षं?"

भांडण मोठं नव्हतं, पण दोघांच्याही आवाजात एक चिडकी भीती होती. गेलेल्या बोक्याची एक साधी गोष्टसुद्धा आपल्याला चुकीची आठवते आहे की काय, ही. खोडरबर मध्ये पडली नाही. तिने थैली उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "पडदे ओढू का? दोन्हीकडचे?"

डाग शोधायची तिची एक जुनी युक्ती होती. भिंतीचा उंचसखलपणा समोरच्या प्रकाशात दिसत नाही, वरच्या प्रकाशात दिसत नाही. उजेड अगदी भिंतीला घासून, कडेने टाकावा लागतो. मग एवढीशी उंचीही लांब सावली टाकते आणि लपलेलं सगळं वर येतं. ती सोफ्याशेजारी गुडघ्यांवर बसली, मोबाईलची बॅटरी लावली आणि गादीच्या कापडाला टेकवूनच धरली.

मोहरीच्या रंगाची गादी एकदम डोंगरदऱ्यांसारखी झाली.

तिला वाटलं होतं एक खळगा आहे. तो एक नव्हता. दोन होते, शेजारीशेजारी, मध्ये हलकासा उंचवटा, भुईमुगाच्या शेंगेसारखे. डावा थोडा रुंद, उजवा थोडा खोल. आणि त्या दोघांच्या बाहेर, दोन्ही टोकांना, एकेक अगदी उथळ, रुपयाएवढी नव्हे, बशीएवढी दबलेली जागा.

"ही कशाची?" काकांनी विचारलं. तेही गुडघ्यांवर आले होते.

तिने मुलीने काढलेला फोटो बाजूला ठेवून पुन्हा पाहिला. मागचा भार मोठा, तो खोल जागा करतो. हनुवटी आणि पंजे हलके, ते उथळ करतात. मग तिने बोट ठेवलं. "हा डावा खळगा मागच्या अंगाचा. मग त्याची हनुवटी इथे, उजवीकडच्या टोकाला. म्हणजे तोंड दाराकडे." तिने बोट सरकवलं. "आणि हा उजवा खळगा, हाही मागच्या अंगाचाच. मग हनुवटी तिकडे, डाव्या टोकाला. तोंड खिडकीकडे."

"दोन्हीकडे?" काकू म्हणाल्या.

"सकाळी ऊन खिडकीतून येतं. दुपारनंतर गॅलरीतून. त्याला पाठीवर ऊन हवं असायचं आणि डोळ्यांवर नको. म्हणून सकाळी दाराकडे तोंड. मग कधीतरी ऊन फिरलं की उठायचा आणि उलटा वळून झोपायचा."

"कधीतरी म्हणजे बाराला," काका सावकाश म्हणाले. "बारा-साडेबाराला. ऊन मधोमध येतं तेव्हा."

म्हणजे ते बाहेर पडायचे आणि काकू आत यायच्या तेव्हा. तिघंही जमिनीवर बसून त्या गादीकडे पाहत राहिली. रोज एकदा वळणं. रविवार सोडले तरी वर्षाला तीनशेच्या वर. अकरा वर्षं. एवढ्या चार-साडेचार किलोच्या जिवाने ऊन कुठून कुठे जातं ते एका सोफ्याच्या गादीत लिहून ठेवलं होतं, आणि खोडरबरने ते एका सकाळी, चहा पिता पिता, दोन मिनिटांत सपाट केलं होतं. आजवर अशा किती गाद्या सपाट केल्या, याचा हिशेब ती करायला गेली नाही. तो लागला नसता.

"म्हणजे मी कधी पाहिलाच नाही तो," काकू म्हणाल्या. "सकाळचा डांबऱ्या."

"आणि मी दुपारचा," काका म्हणाले.

निघताना तिने गादीच्या विणीत अडकलेला एक केस चिमट्याने काढला. काळा कुळकुळीत. पडदा सारून तिने तो खिडकीसमोर उन्हात धरला आणि तशीच उभी राहिली. केस काळा नव्हता. ऊन त्यातून आरपार येत होतं आणि तो तांबूस तपकिरी, टोकाला जवळजवळ सोनेरी दिसत होता.

"उन्हात झोपून झोपून असा झाला होता," काकूंनी सांगितलं. "पाठीवर गंजल्यासारखा. मी म्हणायचे, डांबर वितळायला लागलं."

खोडरबरने केस कागदाच्या पुडीत बांधून नेला.

पुढचे दोन दिवस तिने बाकीची घरं फोटोवाल्याच्या गळ्यात घातली आणि हे एकच काम केलं. आधी गादी. वाळूच्या थैलीच्या फोटोतून तिने चुण्या, वाकलेली गोट आणि सगळा दबाव घेतला, थैली काढून टाकली. त्यावर बोका ठेवला, तो आता अर्धा बोटभर खाली, खळग्याच्या आत. पोटाखालची बारीक सावली टेकण्याच्या रेषेवर सगळ्यांत गडद, मग लगेच विरत जाणारी, आणि उजवीकडे जास्त लांब, कारण ऊन डावीकडून. मग कडा. तिने ती कापलेली कड पूर्ण पुसून टाकली आणि मुलीच्या फोटोतला एकेक केस परत आणायला बसली. जिथे केस सावलीवर येतात तिथे सावली केसांमधून दिसली पाहिजे. पाठीच्या वरच्या रेषेवर, खिडकीकडच्या बाजूला, पुडीतला तो केस शेजारी ठेवून तिने रंग जुळवला. तांबूस, तपकिरी, टोकाला सोनेरी. पोटाकडचा काळा तर तिने मुळीच काळा ठेवला नाही. गादीचा मोहरी रंग खालून त्याच्यावर उमटतो, एवढासा, जाणवेल न जाणवेल असा. खोलीच्या फोटोतलं सगळ्यांत गडद काय आहे ते तिने मोजलं. सोफ्याखालचा अंधार. बोका त्याहून काळा होऊ दिला नाही. मोबाईलच्या फोटोतला खरखरीतपणा काढून खोलीच्या फोटोइतकी बारीक रवाळ झाक दिली. खाच डाव्या कानाला परत नेली.

गुरुवारी दुपारी, शेवटची हनुवटीखालची सावली टाकून तिने हात बाजूला घेतला. काही वेळ काहीच झालं नाही. मग तिला जाणवलं की आपण श्वास हळू घेतोय, जवळ कुणी झोपलं असताना घेतो तसा.

फोटोवाला मागे येऊन उभा होता. केव्हापासून कोण जाणे. या वेळी त्याला विनोद सुचला नाही. "हा आधी होता का तिथे?" त्याने विचारलं. "मी फोटो काढला तेव्हा?"

"होता," ती म्हणाली.

छापलेला फोटो घेऊन ती स्वतःच गेली. काकांनी तो टेबलावर ठेवला, काकूंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. काका वाकून पाहत राहिले आणि मग त्यांनी एक गोष्ट केली. त्यांनी उजव्या हाताची मूठ जराशी वर उचलून खाली सोडली, वजन पारखताना करतात तशी. "बरोबर आहे," ते म्हणाले. "चार सहाशे."

काकू फोटोला हात लावत नव्हत्या. त्या नुसत्या पाहत होत्या, दुसऱ्याच्या घरातलं काही पाहावं तशा. "असा दिसायचा का सकाळी?"

"असाच. ती पाठ अशीच पेटल्यासारखी. मी पाना शोधत असायचो आणि मध्येच याच्याकडे बघत बसायचो."

"मला कधी बोलला नाहीत."

"बोलायला वेळ कुठे होता? किल्ली द्यायची आणि निघायचं."

काकू हसल्या. मग खोडरबरकडे वळून जरा संकोचून म्हणाल्या, "अजून एक काढता येईल का हो? दुपारचा? यांना दाखवायला."

ती कठीण मागणी नव्हती. मुलीचा फोटो मुळातच दुपारचा होता, त्यात काही उलटं करायचं नव्हतं. फक्त दुपारची खोली हवी होती, आणि सोफा शनिवारी जाणार होता. "उद्या येते," ती म्हणाली. "चारच्या आधी."

शुक्रवारी ती साडेतीनला पोचली तेव्हा घर अर्धं रिकामं झालं होतं. भिंतींवर चौकटींचे फिकट चौकोन, कोपऱ्यात बांधलेली खोकी. सोफा मात्र होता तिथेच. काकूंनी थैली तयार ठेवली होती, या वेळी वजन उजव्या अंगाला येईल अशी. काका समोरच्या खुर्चीत बसले होते. काकू म्हणाल्या, "तिथे नाही, मी दुपारी वह्या तपासायला तिथे बसायचे नाही. इकडे या." आणि त्यांनी काकांना दाराजवळच्या बुटक्या स्टुलावर बसवलं. तिथून खोली वेगळीच दिसते, असं काका म्हणाले. कधी बसलोच नाही इथे.

खोडरबरने तिवई लावली. ऊन अजून गॅलरीतच होतं, फरशीवर. त्यांनी वाट पाहिली. काकू हळू आवाजात सांगत होत्या, आधी चटईवर येतं, मग त्या टेबलाच्या पायावर चढतं, मग जरा वेळ तिथेच अडकतं, दाराच्या चौकटीमुळे. काका मान डोलावत होते आणि काही विचारत होते. मधेच त्यांनी थैली हातात घेतली, पण काकूंनी खूण केली. अजून नाही.

ऊन चटईवर आलं. टेबलाच्या पायावर चढलं. तिथे अडकलं.

"आता बघा," काकू म्हणाल्या.

ते सुटलं आणि सोफ्याच्या पुढच्या गोटेवर आलं. मग गादीवर. उजव्या कडेने, हळूहळू, अगदी कापडाला घासून ते पुढे सरकू लागलं, आणि रिकाम्या गादीवरचा एकेक उंचवटा आपापली सावली घेऊन उभा राहिला. उजव्या खळग्याची कड उजळली. त्याच्या आत आधी अंधार होता. मग ऊन काठावरून आत उतरलं आणि तो हळूहळू भरत गेला, तळापर्यंत.

काका स्टुलावरून उठले. थैली दोन्ही हातांवर घेऊन, पावलांचा आवाज न करता, ते सोफ्याकडे गेले.